चेंडू त्यांच्या बॉक्समध्ये, गोल आपल्या जाळ्यात: रेस्ट डिफेन्स कुठे सुटतो ते कसं शोधायचं

पेडणे, डिचोली, बार्देश, गोव्यातला कुठलाही तालुका घ्या. सामना हरून आलेल्या संघाचं गाऱ्हाणं बहुतेक वेळा एकच असतं: "सर, खेळ पूर्ण आमचा होता. दोन काउंटर लागले आणि गेलं." मग स्टॉपर बदलतात, गोली बदलतो, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. दोष स्टॉपरमध्ये कमी असतो, आपण चढाई करताना मागे कोण कुठे उभं असतं यात जास्त असतो. यालाच रेस्ट डिफेन्स म्हणतात. चेंडू आपल्याकडे असतानाच, तो गेला तर काय, याची तयारी करून उभे असलेले खेळाडू. हा दोष मी इतक्या संघांत दुरुस्त केला आहे की आता तपासणीचा क्रम ठरून गेला आहे. तोच इथे देतो.

आधी लक्षणं ओळखा

आपला कॉर्नर किंवा क्रॉस झाल्यानंतर दहा-पंधरा सेकंदांत आपल्यावर गोल होतो. गोलाच्या वेळी दोन्ही स्टॉपर आपल्याच गोलकडे तोंड करून धावत असतात. त्यांच्या स्ट्रायकरला चेंडू मिळतो तेव्हा त्याच्या पाठीशी कोणी नसतं, तो आरामात वळतो. आपले चार-पाच जण त्यांच्या बॉक्समध्ये कमरेवर हात ठेवून मागे बघत असतात. आणि हे सगळं आपण एक गोलने मागे असताना किंवा बरोबरीत असताना जास्त होतं, कारण तेव्हाच बांधावरून "वर जा रे, वर जा!" असा ओरडा चाललेला असतो.

आमच्याकडे याला एक मोसमही आहे. चतुर्थीच्या सुमारास मैदानात पाणी आणि चिखल असतो, लांब पास डबक्यात अडतो, त्यामुळे मागची मोकळी जागा कोणाला खुपत नाही. दिवाळीनंतर मैदान सुकून कडक झालं की तोच पास टप्पा घेऊन पुढे पळतो आणि तोच संघ काउंटरवर गोल खायला लागतो. म्हापशाच्या धुळेर मैदानासारख्या कृत्रिम गवतावर तर चेंडू आणखी झपाट्याने सरकतो.

तुमच्यावरचे गोल आपला संघ मागे जमून बसलेला असताना होत असतील, म्हणजे थ्रोवर, फ्रीकिकवर, बॉक्समधल्या गर्दीत, तर दुखणं वेगळं आहे. या लेखाचा त्याला उपयोग नाही.

पहिली तपासणी: फोन आणि मोजणी

एक पैसा लागत नाही. कोणालातरी स्टँडच्या वरच्या पायरीवर, किंवा ते नसेल तर जरा उंच बांधावर, फोन आडवा धरून बसवा. पूर्ण मैदान दिसलं पाहिजे. चेंडूमागे फोन फिरवणारा चित्रणकार इथे कामाचा नाही.

नंतर गोल बघू नका. गोलाच्या आधी आपला चेंडू जिथे गेला ती घडी शोधा आणि तिथे चित्र थांबवा. फक्त दोन आकडे मोजा: त्यांचे किती जण वर राहिले होते आणि आपले किती जण चेंडूच्या मागे, मधल्या भागात होते.

किमान हिशेब असा: त्यांचे जितके वर, त्याहून आपला एक जास्त. त्यांनी एक ठेवला तर आपले दोन, त्यांनी दोन ठेवले तर तीन. तो जास्तीचा एक का? कारण प्रत्येकाला एक माणूस लावला आणि त्यातला एक जरी चुकला, घसरला किंवा वेगात हरला, तरी मागे भरायला कोणी हवं. बरोबरीच्या संख्येत एक घसरणं म्हणजे गोली एकटा.

ही झाली शेवटच्या फळीची गोष्ट. तिच्या पुढे आणखी दोन जण लागतात, म्हणून पूर्ण चढाईत साधारण पाच जण पुढे लढतात आणि पाच मागे सांभाळतात. तीन मागे आणि दोन पुढे, किंवा दोन मागे आणि तीन पुढे, दोन्ही मांडण्या चालतात. गावच्या संघांना मी पहिलीच देतो. तिघे असले की लांब लाथ मारलेला चेंडू झेपतो, आणि आमच्या पातळीवर दहातले सात-आठ काउंटर तसेच सुरू होतात.

मोजणीतच तूट निघाली तर पुढे वाचायची घाई नको. आधी संख्या भरा, दोन सामने बघा.

दुसरी: गोली कुठे उभा आहे

हेही फुकट. चेंडू त्यांच्या बॉक्सजवळ असताना आपला गोली गोलरेषेवर खांबाला टेकून उभा असेल तर आपल्या स्टॉपरमागे चाळीस मीटर ओसाड पडलेलं असतं. त्याला आपल्या बॉक्सच्या कडेवर आणा, पाय चांगले असतील तर आणखी चार-पाच पावलं पुढे. स्टॉपरच्या डोक्यावरून आलेला लांब चेंडू त्याने पायाने उडवायचा असतो. बॉक्सबाहेर हात लावायचा नाही हे त्याला ठाऊक असतंच, पण गडबडीत विसरतात, म्हणून सरावात बॉक्सबाहेरून नुसतं पायाने क्लिअर करायचे दहा-बारा चेंडू रोज द्या. जांभ्याच्या कडक मैदानावर टप्पा उंच उसळतो. तिथे त्याने टप्पा पडायची वाट न बघता निघायचं.

तिसरी: स्टॉपर माणसाजवळ आहेत की रेषेजवळ

माझ्या मते निम्मे गोल इथे होतात, आणि मोजणीत मात्र सगळं बरोबर दिसतं. मागे तिघे आहेत, त्यांचे दोनच आहेत, तरी गोल झाला. चित्र थांबवून बघा: आपले दोन्ही स्टॉपर मध्यरेषेवर उभे, त्यांचा स्ट्रायकर त्यांच्या दहा मीटर पुढे, एकटा. स्टॉपरला विचारलं तर म्हणतो, "मी जागेवर होतो." जागेवर होता, पण माणसापाशी नव्हता.

काउंटरचा जीव पहिल्या टचमध्ये असतो. स्ट्रायकरने चेंडू घेतला आणि त्याच क्षणी पाठीला कोणी लागलेलं असेल तर त्याला वळता येत नाही, मागे पास द्यावा लागतो. तेवढ्यात आपले लोक तीन-चार सेकंद कमावतात. तो मोकळा वळला की आपण तीन विरुद्ध दोन असूनही मागे मागे सरत राहतो.

म्हणून काम वाटून द्या. एका स्टॉपरने स्ट्रायकरच्या पाठीशी, हात लांब केला तर लागेल इतकं जवळ, आपल्या गोलच्या बाजूला उभं राहायचं. दुसऱ्याने चार-पाच पावलं मागे आणि थोडं आत, आधाराला. कोण चिकटणार आणि कोण आधार देणार हे चेंडू आपल्याकडे असतानाच ओरडून ठरवायचं. आधाराचा माणूस जिभेने सैल असला पाहिजे. मुका स्टॉपर कितीही उंच असो, या कामाला उपयोगाचा नाही.

आता ऑफसाइडचा एक मुद्दा, जो चांगल्या चांगल्या संघांना माहीत नसतो. खेळाडू स्वतःच्या अर्ध्यात असेल तर तो ऑफसाइड होत नाही. म्हणजे आपले स्टॉपर मध्यरेषा ओलांडून वर गेले की ऑफसाइडचा सापळा तिथे संपला. त्यांचा स्ट्रायकर मध्यरेषेच्या एक पाऊल पलीकडे, स्वतःच्याच अर्ध्यात, आपल्या स्टॉपरच्याही मागे, बिनधास्त उभा राहू शकतो आणि पास निघाला की पळतो. लाइनमन झेंडा वर करणार नाही, आणि ते बरोबरच आहे. मध्यरेषेपलीकडे जायचं असेल तर स्ट्रायकर नेहमी आपल्या पुढ्यात, नजरेसमोर हवा आणि गोली पुढे आलेला हवा. या दोन्हींची खात्री नसेल तर मध्यरेषेच्या अलीकडे पाच मीटरवर थांबा.

रुंदीही बघा. मागचे तिघे टचलाइनपर्यंत पसरलेले असतील तर मधून पास जातो. आपल्या पेनल्टी बॉक्सच्या रुंदीत, म्हणजे साधारण चाळीस मीटरमध्ये, तिघे मावले पाहिजेत. मैदानावर मोजपट्टी लागत नाही: मागे वळून बॉक्सच्या दोन कडा बघायच्या आणि त्यांच्या सरळ रेषेत आत राहायचं. कडेला चेंडू गेला तर जाऊ द्या. कडेवरून गोलला लांबचा रस्ता पडतो आणि तेवढ्या वेळात बाकीचे परततात.

चौथी: दोन्ही बॅक एकाच वेळी वर

टीव्हीवर मोठ्या संघांचे दोन्ही बॅक चढताना दिसतात आणि आमची पोरंही चढतात. त्या संघांत एक बॅक वर गेला की दुसरा आत सरकून मिडफिल्डजवळ उभा राहतो किंवा कोणीतरी मिडफिल्डर मागे उतरतो, हे कॅमेऱ्याच्या चौकटीत नसतं म्हणून दिसत नाही. दोन्ही बॅक वर आणि मागे फक्त दोन स्टॉपर, हे दार उघडं टाकून जत्रेला जाणं झालं.

नियम सोपा ठेवा: चेंडू ज्या बाजूला, त्या बाजूचा बॅक वर, दुसऱ्या बाजूचा बॅक आत, स्टॉपरच्या रेषेत तिसरा. चेंडू एका विंगवरून दुसऱ्या विंगवर फिरला की दोघांनी अदलाबदल करायची. पहिले दोन-तीन आठवडे हे चुकतंच, कारण वर गेलेला बॅक परतायच्या आत दुसरा निघतो. तोवर एकाला सरळ सांगा की तू या सामन्यात वर जाणारच नाहीस. ज्याचे पाय जास्त चालतात त्याला मोकळा सोडा.

पाचवी: डीच्या तोंडावरची जागा

इथे एक हल्ला पूर्ण उलगडून दाखवतो, कारण नुसतं सांगून पटत नाही.

संघ ४-३-३ खेळतो. उजव्या विंगरकडे चेंडू आहे, उजवा बॅक त्याला ओलांडून पुढे गेला आहे. बॉक्समध्ये स्ट्रायकर, डावा विंगर आणि दोन मिडफिल्डर. मधला होल्डिंग मिडफिल्डरही गोलाच्या आशेने पेनल्टी स्पॉटपर्यंत गेलाय. डावा बॅक लांबच्या खांबावर. मागे दोन स्टॉपर, मध्यरेषेवर.

क्रॉस येतो, त्यांचा स्टॉपर डोक्याने बाहेर काढतो. असा चेंडू बहुतेक वेळा बॉक्सच्या पुढच्या अर्धगोलाच्या, म्हणजे डीच्या आसपास पडतो, कारण बचाव करणाऱ्याला तो समोरच मारता येतो. तिथे आपला कोणीच नाही. त्यांचा दहा नंबर चेंडू छातीवर घेतो, मान वर करून बघतो, आणि आपल्या उजव्या बॅकने सोडलेल्या मोकळ्या जागेत पास देतो. तिकडे पळणाऱ्या स्ट्रायकरकडे आपला एक स्टॉपर खेचला जातो, मध्ये दुसरा एकटा उरतो, आणि त्यांचा विंगर मधून येऊन गोल मारतो. सामन्यानंतर शिव्या कोणाला? त्या एकट्या स्टॉपरला.

आता तोच क्रॉस, तीच माणसं, तीन बदल. डावा बॅक लांबच्या खांबावर न जाता आत, स्टॉपरच्या ओळीत. होल्डिंग मिडफिल्डर डीच्या तोंडावर, बॉक्सच्या रेषेपासून पाच-सहा मीटर बाहेर. दोन मिडफिल्डरपैकी एक त्याच्या बाजूला, चेंडूच्या बाजूकडे दहाएक मीटरवर. बॉक्समध्ये तीन जण राहिले, विंगर आणि उजवा बॅक धरून हल्ल्यात पाच. त्यांचा स्टॉपर चेंडू काढतो, तो डीपाशी पडतो, होल्डिंग मिडफिल्डर धावत समोर येतो आणि दहा नंबरच्या आधी पोचतो. तो पोचला नाही तरी दहा नंबरला मान वर करायला सवड मिळत नाही. त्याने घाईत लांब मारलाच तर मागे तिघे विरुद्ध दोन.

या दोघांनी आणि मागच्या तिघांनी एकमेकांपासून फार लांब असू नये. साधारण पंचवीस ते तीस मीटर पुरे. सेंटर सर्कलचा व्यास १८.३ मीटर असतो, त्याची दीडपट डोळ्यांसमोर ठेवा. त्यापेक्षा जास्त अंतर पडलं की त्यांचा मिडफिल्डर मधल्या मोकळ्या पट्ट्यात चेंडू घेऊन वळतो, आणि मागच्या तिघांपैकी कोणी पुढे जायचं यावर गोंधळ होतो. चेंडू त्यांच्या बॉक्सजवळ असताना पुढचे दोघे डीपाशी असतात, म्हणून मागच्या तिघांनी मध्यरेषेपर्यंत वर यावंच लागतं. स्टॉपर भित्रे असले की हे अंतर चाळीसवर जातं.

पाहणाऱ्याला कसं कळावं की हे बसलं? त्यांनी बाहेर काढलेल्या चेंडूंपैकी अर्ध्याहून जास्त पुन्हा आपल्याला मिळायला लागतात. बचावासाठी केलेला बदल, पण आपला हल्लाही लांबतो.

कॉर्नर वेगळा तपासा

खुल्या खेळात सगळं नीट असलेले संघही कॉर्नरला उघडे पडतात. जगाने पाहिलेलं उदाहरण २ जुलै २०१८ चं, विश्वचषकात बेल्जियम विरुद्ध जपान. जपान २-० ने पुढे होता, बेल्जियमने २-२ केलं, आणि नव्वद मिनिटांनंतरच्या इंज्युरी टाइमच्या शेवटच्या मिनिटात जपानला कॉर्नर मिळाला. होंडाचा कॉर्नर गोलकीपर कुर्तवाने हातात झेलला आणि लगेच डी ब्रॉयनाकडे सोडला. तो मधून थेट पळाला, उजवीकडे म्युनियेला पास दिला, त्याचा क्रॉस लुकाकूने मुद्दाम सोडला आणि मागून आलेल्या शादलीने गोल केला. झेल ते गोल, जेमतेम दहा सेकंद. जपान बाहेर.

पुन्हा बघाल तेव्हा लुकाकू किंवा शादलीकडे नाही, डी ब्रॉयनाकडे बघा. झेल घेतल्यावर बॉक्सच्या पुढे त्याला थांबवायला, निदान वाकडं धावायला लावायला कोणी नव्हतं. पहिला जपानी खेळाडू त्याच्यासमोर आला तो मध्यरेषेच्या पुढे, मागे सरत. मागे माणसं होती. मधली फळी नव्हती.

म्हणून कॉर्नरला मी असं लावतो: एक मारणारा, बॉक्समध्ये चार ते पाच, डीपाशी दोन, आणि मागे त्यांच्या वर राहिलेल्यांपेक्षा एक जास्त. माणसं कमी पडली तर बॉक्समधला एक काढा, डीपाशी असलेला काढू नका. गोलीने झेल घेतला की डीपाशी असलेल्यांपैकी एकाने ज्याच्याकडे तो फेकेल त्या खेळाडूच्या अंगाशी जायचं. गोलीच्या हातासमोर उड्या मारायच्या नाहीत. त्याला चेंडू सोडण्यापासून रोखणं फाउल आहे.

सहावी: चेंडू जातोच कसा

मांडणी ठीक असूनही काउंटर थांबत नसतील तर तपासणी थोडी महाग होते, कारण आता सराव बदलावा लागतो. दोन-तीन सामन्यांत चेंडू कुठे गेला याच्या खुणा कागदावर करा. मैदानाच्या मध्यभागी आडव्या पासवर खुणा दाट दिसल्या तर कुठलाही रेस्ट डिफेन्स पुरणार नाही. आडवा पास कापला की देणारा आणि घेणारा, दोघेही एका झटक्यात खेळाबाहेर होतात. क्रॉस पहिल्याच माणसाला लागून परत येणं हाही त्याच जातीचा रोग.

यासाठी एकच सराव सांगतो. नेहमीसारखा क्रॉसचा सराव चालू ठेवा, पण त्यांचा एक स्ट्रायकर मध्यरेषेजवळ उभा करा आणि तुमच्या हातात दुसरा चेंडू ठेवा. क्रॉस बाहेर आला की तो कुठेही पडो, तुम्ही हातातला चेंडू त्या स्ट्रायकरला द्या. पोरांना आधी राग येतो, "सर, आमचाच होता तो!" येऊ द्या. चार-पाच फेऱ्यांनंतर क्रॉस हवेत असतानाच मागचे तिघे स्ट्रायकरकडे वळून बघायला लागतात, आणि हवी आहे ती सवय हीच.

चेंडू गेल्यावर सर्वात जवळच्याने लगेच अंगावर जायचं, पाचएक सेकंद. मागच्यांनी तेव्हा झडप घालायची नाही, फक्त कडेला ढकलायचं आणि वेळ खायचा. फाउल करून काउंटर तोडणं हा रिवाज आहे, नाही म्हणून काय होणार. पण चांगली संधी तोडली तर पिवळं कार्ड, आणि उघड गोलची संधी फाउलने तोडली तर लाल. मध्यरेषेपुढे शर्ट धरून पिवळं घेणं आणि आपल्या बॉक्ससमोर पाडून लाल घेणं यात फरक आहे, तो पोरांना आधी समजावून ठेवा.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

पहिल्या पाच तपासण्या कोणताही संघचालक, अगदी जुना खेळाडूही करू शकतो. सहावीनंतरही महिनाभर फरक दिसला नाही तर स्वतः खटपट थांबवा. लायसन्स असलेला प्रशिक्षक बोलवा, निदान एआयएफएफ डी, शक्य तर त्यावरचा. त्याला पूर्ण दोन सामन्यांचं चित्रण द्या, फक्त गोलांचे तुकडे नको. तोवर प्रश्न बहुधा हल्ल्याच्याच मांडणीचा असतो आणि तो सराव बघितल्याशिवाय सुटत नाही. स्पर्धा चालू असताना मांडणी उलटीपालटी करू नका. गटसामने संपेपर्यंत एक बॅक मागे ठेवून दिवस काढा.

गोल सत्तराव्या मिनिटानंतरच होत असतील तर ते फळ्यावरचं काम नाही, दमसासाचं आहे. स्टॉपर मूळचाच संथ असेल तर रेषा आठ-दहा मीटर मागे घ्या आणि डीपाशी असलेल्या दोघांनाही तेवढंच मागे आणा, नाहीतर मधला पट्टा पुन्हा उघडतो. चेंडू कमी परत मिळेल, हे मान्य करूनच तो सौदा करा.

आणि मागे पळताना कोणी मांडीच्या मागच्या बाजूला हात लावून थांबला तर त्याला त्याच क्षणी बाहेर काढा. तेच स्नायू दुसऱ्यांदा धरले असतील तर स्प्रे मारून आत पाठवू नका. फिजिओ बघेपर्यंत तो रेस्ट डिफेन्समध्ये नाही, बाकावर.